एचएसजीच्या रिपोर्टवर 'दोन्ही नळ्या बंद': तपासणी कशी होते आणि फिल्मवर काय दिसतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांच्या फायलीत एक ओळ वरचेवर सापडते: 'बायलॅटरल कॉर्न्युअल ब्लॉक'. एचएसजी म्हणजे गर्भाशयात डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं द्रव, सोडून अंडाशयाकडे जाणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची तपासणी. तिच्यात गर्भाशयाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत डाय अडला, नळ्यांत उतरलाच नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पण घरी पोचेपर्यंत त्याचं 'नळ्या कायमच्या जाम, आता टेस्ट ट्यूबच' असं होऊन जातं. एचएसजीवर दिसणाऱ्या सगळ्या अडथळ्यांमध्ये कोपऱ्यातला अडथळा हा सगळ्यात कमी भरवशाचा. नळीच्या टोकाचा अडथळा त्यापेक्षा कितीतरी खात्रीचा असतो. हा फरक कळायचा तर तपासणी कशी होते ते आधी बघायला हवं, कारण खोटा अडथळा बऱ्याचदा तपासणीच्या टेबलावरच तयार होतो.

तारीख ठरवताना

त्याआधी एक गोष्ट. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली नसेल तर एचएसजीची घाई करू नका. ती तपासणी स्वस्त आहे, तिच्यात दुखत नाही, दोन ते सात दिवसांचा संयम पाळला की झालं. तरी आपल्याकडे बाईला तीन-चार वेळा टेबलावर चढवून झाल्यावर भावजींना लॅबची आठवण होते. शुक्रजंतू फारच कमी निघाले तर पुढची वाटच बदलते आणि नळ्या बघायची गरज कदाचित उरतही नाही.

एचएसजी पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. रक्तस्राव पूर्ण थांबलेला हवा, आणि बीज फुटायच्या आत तपासणी उरकायला हवी. अंगावरून जात असताना डाय घातला तर रक्ताच्या गुठळ्या नळीच्या तोंडाशी अडकतात आणि फिल्मवर भलताच अडथळा दिसतो. उशीर झाला तर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यानेही नळीचं तोंड झाकलं जातं. शिवाय त्या महिन्यात गर्भ राहिलेला असण्याची शक्यता असते. म्हणून पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात. पाळी अनियमित असेल तर त्या दिवशी सकाळी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्यावी.

दिवस मोजताना आपल्याकडे एक घोटाळा होतो. अजूनही काही घरांत बाई चार दिवस बाजूला बसते आणि डोक्यावरून पाणी घेतलं तो 'पहिला दिवस' धरला जातो. तसं मोजलं तर दहावा दिवस खरं तर तेराव्या-चौदाव्याला येतो. पहिला दिवस म्हणजे नीट लाल अंगावरून जायला लागलं तो दिवस. आदले दिवस नुसते डाग दिसले असतील तर ते धरायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून वेळ घ्या. अमावास्या, रविवार किंवा यल्लम्माच्या यात्रेची गर्दी मध्ये आली की चार-पाच दिवसांची खिडकी बघता बघता निसटते आणि महिना वाया जातो.

तीन गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगायच्या. ओटीपोटात चालू दुखणं, ताप किंवा वास येणारं पांढरं जाणं असेल तर आधी उपचार, मग तपासणी, कारण डायबरोबर जंतूही वर ढकलले जातात. पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी डाय दिल्यावर अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर ते सांगा. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही, कारण डायमध्ये आयोडीन असतं.

टेबलावर काय होतं

जायच्या अर्धा ते एक तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी घ्यायची. बहुतेक ठिकाणी तिच्याबरोबर ड्रोटाव्हेरीनसारखं, स्नायू सैल करणारं औषध देतात. 'दुखलं तर घेईन' म्हणून ती पर्समध्ये ठेवू नका. ती नुसती दुखण्यासाठी नसते, रिपोर्ट बरोबर यावा म्हणूनही असते. रिकाम्या पोटी जाऊ नका, हलकं खाऊन जा. सोबत बाई असलेली बरी, आणि दोन पॅड घ्या. कमरेला करगोटा असेल तर तो आणि परकराची सेफ्टी पिन आधीच काढून ठेवा. धातू नेमका नळीवर येतो आणि फिल्म खराब होते.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा म्हणायला संकोच करू नये. एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियन 'अलुगाडबेड्री' म्हणाले तर 'हलू नका' म्हणतायत एवढं समजा.

लघवी करून आल्यावर टेबलावर उताणं झोपवतात, गुडघे वाकवून पाय बाजूला. आधी एक साधी फिल्म काढतात, डायशिवाय. पुष्कळ बायकांना वाटतं उगाच एक जास्तीचा एक्स-रे काढला. पण ओटीपोटात आधीपासून चुन्यासारखे कडक ठिपके असतील तर ते याच फिल्मवर दिसतात, आणि पुढे क्षयाचा संशय आला की हीच फिल्म कामाला येते.

मग योनीमार्ग उघडा ठेवायला त्यात स्पेक्युलम घालतात, गर्भाशयाचं तोंड बीटाडीनने पुसतात. काही ठिकाणी तोंड स्थिर राहावं म्हणून चिमट्याने धरतात. त्या क्षणी चिमकुरा काढल्यासारखं दुखतं. त्यानंतर तोंडातून आत धातूची कॅन्युला किंवा फुगा असलेली बारीक नळी सरकवतात. डाय आत जाण्याआधी त्या नळीतली हवा काढून टाकलेली असली पाहिजे. आत शिरलेला हवेचा बुडबुडा फिल्मवर पॉलिपसारखा गोल दिसतो आणि नसती भीती घालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, डाय सोडणं. गर्भाशयाची पोकळी लहान असते, ३ ते ५ मिलीलीटरमध्ये भरते. तपासणीला एकूण साधारण १० मिलीच्या आसपास डाय पुरतो. तो शरीराच्या तापमानाइतका कोमट करून, हळूहळू, मधे थांबत सोडला तर नळ्या शांतपणे उघडतात. थंड डाय झटक्याने ढकलला की गर्भाशय आवळतं. नळी जिथे गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर पडते तिथे तिला स्नायूंचा वेढा असतो. गर्भाशयाबरोबर तो वेढाही आवळला की निरोगी नळीचं तोंडही बंद दिसतं. याला स्पॅझम म्हणतात.

डाय भरताना पाळीत दुखतं तशी, पण जरा जोराची कळ येते. बहुतेकींची पाच-दहा मिनिटांत ओसरते. तोंडाने लांब श्वास सोडत राहायचं, पोट आवळायचं नाही. फार दुखलं तर 'थांबा' म्हणा, थांबवता येतं. आणि थांबून पुन्हा हळू सोडलं की स्पॅझम सुटण्याचीही शक्यता असते. नळी बंद असली की दाब वाढून जास्त दुखू शकतं, पण फार दुखलं म्हणजे नळी बंद असा निष्कर्ष काढू नका. मोकळ्या नळ्या असलेल्या बायकाही कळवळतात.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. उठताना घेरी येऊ शकते, त्यामुळे लगेच उभं राहू नका. एक-दोन दिवस थोडं रक्त आणि चिकट पाणी जातं, म्हणून पॅड. ताप आला, ओटीपोट वाढत्या क्रमाने दुखू लागलं किंवा वास येणारा स्राव सुरू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गावातल्या इंजेक्शनवर भागवायचं नाही. तपासणीत नळी फुगलेली दिसली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. अशा वेळी डॉक्सीसायक्लिनचा पाच दिवसांचा कोर्स देतात, तो पुरा करायचा. तसं काही नसेल आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर रक्त थांबल्यावर त्याच महिन्यात प्रयत्न करायला हरकत नसते.

फिल्म वाचताना

फिल्म म्हणजे निव्वळ डायची सावली. नळीची भिंत दिसत नाही, आत डाय जिथवर गेला तेवढंच दिसतं. निरोगी गर्भाशय उलट्या त्रिकोणासारखं पांढरं भरतं. त्याच्या दोन वरच्या कोपऱ्यांतून दोन्ही बाजूंना केसाएवढी बारीक रेघ निघते. पुढे ती रुंदावते, तिथे आतल्या घड्यांच्या लांबट रेषा दिसतात. शेवटी डाय नळीच्या टोकातून बाहेर पडून आतड्यांच्या वेटोळ्यांभोवती पुसट पसरतो. या पसरण्याला रिपोर्टमध्ये 'फ्री पेरिटोनियल स्पिल' म्हणतात. दोन्ही बाजूंना ते असेल तर नळ्या मोकळ्या.

कोपऱ्यातल्या अडथळ्यात त्रिकोण भरतो, पण त्याच्या कोपऱ्यापुढे काहीच दिसत नाही. कारणं तीन प्रकारची असतात. एक स्पॅझम. दुसरं, नळीच्या तोंडाशी साचलेला शेंबडासारखा चिकट गोळा किंवा पेशींचा कचरा. तिसरं, नळीची भिंत जंतुसंसर्गाने, एंडोमेट्रिओसिसने, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्याने, किंवा क्षयाने खरोखर आवळून गेलेली. पहिल्या दोहोंत नळी वाचलेली असते. पण तिन्हींची फिल्म एकसारखीच दिसते, आणि अडचण इथेच आहे.

नळीच्या टोकाचा अडथळा वेगळा दिसतो. डाय बारीक भागातून पुढे जातो, मग टोकाकडे नळी फुगत जाते, आतल्या घड्यांच्या रेषा पुसल्या जातात आणि बाहेर काही पसरत नाही. हा हायड्रोसॅल्पिंक्स, पाण्याने भरून फुगलेली नळी. स्पॅझमने असं चित्र तयार होत नाही, त्यामुळे यावर भरवसा जास्त. याचा उपचारही निराळा आहे. अशा नळीतलं पाणी गर्भाशयात उतरत राहिलं तर आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूबचं, यश जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून आयव्हीएफच्या आधी दुर्बिणीने ती नळी काढतात किंवा गर्भाशयापाशी बंद करतात. 'मूल हवंय आणि नळी काढायला सांगतायत' हे ऐकून घरचे बिथरतात, पण कारण हे आहे.

क्षयरोगाचं चित्र आपल्या भागात ओळखता आलंच पाहिजे. नळी कडक, सरळ, वळणं नसलेली दिसते, किंवा जागोजागी आवळून मण्यांच्या माळेसारखी. गर्भाशयाचा त्रिकोण लहान आणि वेडावाकडा होतो, आत चिकटे असतात. कधी डाय गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांत शिरून जाळं दिसतं. अर्थात भिंतीवर दाब जास्त पडला तर निरोगी बाईतही असं जाळं दिसू शकतं. नुसत्या फिल्मवर क्षयाची औषधं सुरू करू नयेत. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून कल्चर, पीसीआर आणि सूक्ष्मदर्शक तपासणी करतात, आणि ते सगळं एकत्र बघून ठरवतात. एकट्या पीसीआर पॉझिटिव्हवर सहा महिने गोळ्या खाल्लेल्या बायका मी पाहिल्या आहेत. क्षय खरोखर निघाला तर सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात, त्यासाठी खासगीत खर्च करायला नको.

एचएसजीला नळीच्या बाहेरचं काहीच दिसत नाही. नळी मोकळी असून भलतीकडे चिकटून अंडाशयापासून लांब ओढली गेलेली असेल, किंवा एंडोमेट्रिओसिसचे डाग असतील, तर ते दुर्बिणीनेच कळतं.

एक केस

खानापूर तालुक्यातली एक बाई, ओळख पटू नये एवढा तपशील बदलून सांगते. वय २७, लग्नाला तीन वर्षं, पाळी २८ ते ३० दिवसांची नियमित, नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल. पूर्वी क्युरेटिंग नाही, ओटीपोटाचा संसर्ग नाही, घरात कुणाला क्षय नाही. दुसरीकडे झालेल्या एचएसजीवर दोन्ही कोपरे बंद आणि आयव्हीएफचा सल्ला. सासूबाई शेत गहाण ठेवायच्या गोष्टी करत होत्या.

मी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून फिल्म बघितल्या. चारच होत्या. त्रिकोणाच्या वरच्या कडा गोलसर राहिल्या होत्या, म्हणजे पोकळी पूर्ण भरलीच नव्हती. शेवटच्या फिल्मवर डाय खाली योनीत उतरलेला दिसत होता. कॅन्युला नीट बसली नव्हती, डाय वर चढण्याऐवजी परत येत होता. डाय सोडून थोडा वेळ थांबून काढतात ती उशिराची फिल्म नव्हती. गोळी घेतली होती का विचारलं, तर नव्हती. आणि इतिहासात नळ्या खराब व्हाव्यात असं काही नव्हतं. या सगळ्यावरून 'अडथळा' हे निदान उभं राहत नव्हतं, इतकंच म्हणता येत होतं.

दोन पाळ्या जाऊ दिल्या. मधल्या काळात अस्तराची तपासणी केली, क्षय नाही. मग आठव्या दिवशी पुन्हा एचएसजी: एक तास आधी गोळ्या, फुग्याची बारीक नळी, कोमट डाय, पहिले ३ मिली आणि थांबून फिल्म. दोन्ही कोपरे याही वेळी बंदच दिसले. तिथेच थांबलो असतो तर तोच रिपोर्ट पुन्हा लिहिला गेला असता. दोन मिनिटं काहीच केलं नाही, तिला कुशीवर वळवलं, मग थेंबाथेंबाने उरलेला डाय सोडला. उजवी रेघ निघाली, पुढे घड्या दिसल्या, टोकातून डाय पसरला. डावी शेवटपर्यंत कोपऱ्यातच राहिली.

म्हणजे उजवी नळी मोकळी, डावी अजून संशयित. एका मोकळ्या नळीवर, वय तिशीच्या आत असताना, सहा महिने बीज फुटण्याकडे लक्ष ठेवून प्रयत्न करणं योग्य आहे. डावीसाठी लगेच काही केलं नाही. गर्भ राहिला नाही तर दुर्बिणीच्या वेळी तिचं बघायचं, असं ठरवलं.

पुन्हा एचएसजी की दुर्बीण

अडथळा दिसल्यावर दुसऱ्यांदा नीट एचएसजी केली की कोपरे बंद असलेल्यांपैकी बऱ्याच जणींची किमान एक नळी उघडते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या सूचनांत एका अभ्यासाचे आकडे आहेत: एचएसजीने मोकळ्या म्हटलेल्या नळ्या दुर्बिणीत १०० पैकी ९४ वेळा मोकळ्याच निघाल्या, पण बंद म्हटलेल्या फक्त ३८ वेळाच खरोखर बंद होत्या. 'मोकळी' या शब्दावर जेवढा विश्वास ठेवता येतो तेवढा 'बंद' या शब्दावर ठेवता येत नाही.

दुसऱ्या वेळीही दोन्ही कोपरे बंदच राहिले, तर पुढची पायरी दुर्बिणीची. लॅपरोस्कोपीत खालून निळा डाय सोडून तो नळीच्या टोकातून बाहेर येतो का ते प्रत्यक्ष बघतात. भूल असल्याने स्पॅझमचा प्रश्न बराच कमी होतो. त्याच वेळी हिस्टेरोस्कोपीतून, म्हणजे खालून गर्भाशयात घातलेल्या दुर्बिणीतून, नळीच्या तोंडात बारीक तार घालून गोळा मोकळा करायचा प्रयत्न करता येतो. नळीची भिंतच कडक झालेली असेल तर तार पुढे जात नाही. ती रेटायची नसते, नळीला भोक पडतं. तेव्हा आयव्हीएफ हाच रस्ता उरतो. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल, बीजांचा साठा कमी असेल किंवा नवऱ्याच्या रिपोर्टमध्येही अडचण असेल, तर एचएसजी पुन्हा पुन्हा करत बसण्यापेक्षा आधीच आयव्हीएफबद्दल बोलावं. वेळ हा इथे खरा खर्च आहे.

एक सुखद गोष्टही असते. एचएसजीनंतरच्या काही महिन्यांत काही जणींना आपोआप दिवस जातात, बहुधा डायच्या ओघाने नळीतला कचरा धुतला जात असावा. २०१७ साली नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात तेलाच्या डायनंतर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, पाण्याच्या डायनंतर २९ टक्के. पण तेलातलं आयोडीन शरीरात जास्त काळ राहतं, त्यामुळे तो वापरायचा तर थायरॉइड आधी तपासून घ्यावं. आणि चिवट तेल रक्तवाहिन्यांत शिरण्याचा धोकाही लक्षात घ्यावा लागतो.

कोल्हापूरला किंवा मिरजेला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. सगळ्या फिल्म, शक्य असेल तर सीडी, तपासणीची तारीख आणि त्या महिन्याच्या पाळीचा पहिला दिवस लिहून न्या. रिपोर्ट देताना सेंटरला एवढं विचारून ठेवा: डाय किती सोडला, मधे थांबले होते का, उशिराची फिल्म काढली का, आणि गोळी दिली होती का. या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर असतील तर दुसऱ्या डॉक्टरला 'बंद' या शब्दाची किंमत ठरवता येते. नाहीतर तीच तपासणी पुन्हा करायची वेळ येते.